मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणे! घरच्या ग्रुपवरचा मेसेज पुढे ढकलण्याआधी असा तपासा

मेसेज साधारण असा असतो.

*सावधान! आपल्या तालुक्यात मुले पळवणारी १५-२० जणांची टोळी आली आहे. साधू, भिकारी, ब्लँकेट विकणारे अशा वेशात फिरतात. काल शेजारच्या गावात दोन मुले पळवली. मुलांच्या किडन्या काढून विकतात. खालचा व्हिडिओ पहा. पोलिसांनी आवाहन केले आहे. सर्व ग्रुपवर पाठवा.*

खाली अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. आत्याने पाठवलेला असतो आणि सोबत एकच ओळ, "पोरांना बाहेर सोडू नका गं." आत्याच्या हेतूवर शंका घ्यायला जागाच नसते, आणि मेसेज पुढे जातो तो त्यामुळेच.

तो किती पुढे जाऊ शकतो हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, भिक्षा मागून जगणारे, तिथे आले होते. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. त्या भागात अशा टोळीच्या अफवा आधीपासून फोनवर फिरत होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंग्यात तसंच होता होता राहिलं. उत्तर प्रदेशातले चार साधू पंढरपूरला निघाले होते, त्यांनी रस्ता विचारला आणि मार खाल्ला. ते वाचले एवढंच.

म्हणून इथे फक्त हाच एक मेसेज घेऊन बसू. बाकीचे फॉरवर्डही याच वाटेने तपासता येतात, पण हा एक नीट तपासता आला की हात बसतो.

आधी बाण बघा, पण बाणावर विसंबू नका

व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या मेसेजच्या डोक्यावर एक बाण येतो. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून पुढे गेलेला असेल तर दोन बाण येतात आणि `Forwarded many times` असं दिसतं. असा दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ही मर्यादा एप्रिल २०२० पासून आहे. म्हणजे पाच ग्रुप एकदम निवडायला गेलात आणि फोन ऐकेना, तर समजा की हा पुष्कळ फिरून आलेला आहे.

यातून एवढंच कळतं की आत्याने हे लिहिलेलं नाही आणि तिला पाठवणाऱ्यानेही बहुतेक लिहिलेलं नाही. खरं-खोटं त्यातून कळत नाही. खरोखर हरवलेल्या मुलाचं आवाहनसुद्धा दुहेरी बाण घेऊनच येतं. उलट बाण नसला म्हणून मेसेज ताजा ठरत नाही, कारण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण जातो.

आणखी एक फसवी खूण म्हणजे फाइलचं नाव. अँड्रॉइड फोनच्या गॅलरीत व्हॉट्सॲपच्या व्हिडिओचं नाव `VID-20240612-WA0007.mp4` अशा थाटाचं असतं. "बघ, तारीख आहे की, १२ जूनचाच आहे," असं छातीठोकपणे सांगणारे मी पाहिलेत. ती तारीख व्हिडिओ तुमच्या फोनवर उतरल्याची असते. तो कधी काढला याची मूळ नोंद व्हॉट्सॲपवरून पाठवताना बहुतेक वेळा पुसली जाते, त्यामुळे फाइलच्या तपशिलात खोदून हाती काही लागत नाही.

मेसेजमधून गावाचं नाव काढून टाका

माझ्या मते सगळ्या तपासणीत सगळ्यात कामाची पायरी ही आहे. वरचा नमुना पुन्हा वाचा. "आपल्या तालुक्यात." कुठल्या? "काल." कोणत्या तारखेला? "शेजारच्या गावात." म्हणजे कुठे? मुलांची नावं नाहीत, पोलीस ठाणं नाही. हा मेसेज नांदगावात वाचा की कुडाळात, तो तिथलाच वाटतो. तो साचा आहे, आणि गणपतीसारखाच साच्यातून काढून गावोगाव बसवलेला आहे. कधीकधी कोणीतरी हौशी माणूस त्यात आपल्या तालुक्याचं नाव भरतो. मग तो जास्तच खरा वाटतो.

त्यामुळे शोध घेताना लोक जी चूक करतात ती टाळा. ते मेसेजमधलं गावाचं नाव आणि "टोळी" एवढंच गूगलवर टाकतात. काही सापडत नाही आणि मग त्यांना वाटतं की बातमी अजून पेपरवाल्यांपर्यंत पोचली नसेल. नाव गाळा. मजकुरातला एखादा चमत्कारिक तुकडा घ्या, चुकीच्या शुद्धलेखनासकट, आणि अवतरणचिन्हांत टाका. मग त्याच अर्थाचे शब्द बदलून पहा, कारण हे मेसेज हिंदीतून मराठीत आणि मराठीतून कानडीत जात-येत असतात.

```
"मुले पळवणारी टोळी" अफवा
"मुले पळवणारी टोळी" पोलीस आवाहन before:2023-01-01
"बच्चा चोर गिरोह" वीडियो फैक्ट चेक
```

दुसऱ्या ओळीतल्या `before:` मुळे त्या तारखेआधीची पानं पुढे येतात. आज आलेला मेसेज शब्दाला शब्द जुळवून तीन वर्षांपूर्वीच्या पानावर दिसला, तर "काल शेजारच्या गावात" या वाक्याचा निकाल तिथेच लागला. गूगलचा तारखेचा अंदाज मात्र कधीकधी चुकतो, म्हणून पान उघडून बातमीवरची तारीख स्वतः वाचा.

सत्यपडताळणी करणाऱ्या संस्थांपैकी फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर मराठीतही लिहितात. बूम आणि ऑल्ट न्यूज इंग्रजी-हिंदीत लिहितात. केंद्र सरकारची पीआयबी फॅक्ट चेक ही सोय केंद्राच्या योजना, निर्णय, परिपत्रकं यांच्यापुरती आहे. टोळीचा मेसेज तिकडे पाठवून उपयोग नाही. आणि यातल्या कुठल्याही ठिकाणी तुमच्या वाडीबद्दलची अफवा तपासलेली नसणार, हे धरून चाला. तिथे साचा सापडतो, तुमच्या गावाची प्रत सापडत नाही.

व्हिडिओ: कराचीची गल्ली

आता व्हिडिओ. २०१८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अनेक राज्यांत फिरलेला तो प्रसिद्ध तुकडाच घेऊ. गल्लीत पोरं खेळतायत. मोटरसायकलवर दोघं येतात. मागचा माणूस एका लहानग्याला उचलतो आणि गाडी सुसाट निघते. बाकीची पोरं मागे धावतात. इथे व्हिडिओ संपतो. सीसीटीव्हीतून घेतल्यासारखा दिसतो, आवाज वगैरे काही नाही. कुठल्याही बापाच्या पोटात गोळा यावा असा.

तपासायचं असं. व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे न्या आणि तीन-चार जागी स्क्रीनशॉट घ्या. जिथे जास्त हालचाल आहे ती जागा नको, तिथे चित्र फिसकटलेलं असतं. गाडी येण्याआधीची शांत गल्ली, दुकानाची पाटी, भिंतीवरचा मजकूर, गाडीची नंबरप्लेट, यांपैकी जे स्पष्ट दिसेल ते घ्या. स्क्रीनशॉटच्या वर-खाली मोबाइलची बॅटरी आणि घड्याळ येतं, तेही कापा, नाहीतर शोधणारं यंत्र त्याच्याच मागे लागतं. मग गूगल ॲपच्या शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवा, म्हणजे लेन्स उघडेल, आणि चित्र निवडा. लेन्स आधी "यासारखी" चित्रं दाखवतं. आपल्याला हवं असतं हुबेहूब चित्र, तेव्हा `Exact matches` असा पर्याय दिसला तर तो उघडा. तिथे काही नाही मिळालं तर `tineye.com` वर तेच चित्र टाकून निकाल `Oldest` प्रमाणे लावा, म्हणजे चित्र सगळ्यात आधी कुठे दिसलं ते वर येतं.

एका फ्रेमवर हार मानू नका. व्हॉट्सॲपवर दहा वेळा फिरलेला व्हिडिओ दाबून दाबून धूसर झालेला असतो, त्यावर कोणीतरी लाल गोल आणि मराठी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पट्टीचा भाग कापून उरलेलं चित्र टाकलं की पुष्कळदा काम होतं.

या व्हिडिओचं मूळ सापडलं ते कराचीत. तिथल्या रोशनी हेल्पलाइन नावाच्या संस्थेने हरवलेल्या मुलांबद्दल लोकांना जागं करण्यासाठी तो बनवला होता. सगळा अभिनय! मूळ व्हिडिओत ती मोटरसायकल वळून परत येते, मुलाला जागेवर सोडते आणि मागे बसलेला माणूस उर्दू मजकुराचा फलक धरतो. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणभरच लागतो, असा त्याचा आशय होता. आपल्याकडे आला तो शेवट छाटून. मुलांच्या काळजीपोटी बनवलेल्या व्हिडिओचं शेपूट कापून त्याचा असा उपयोग झाला.

यातून एक सवय लागायला हवी. व्हिडिओ जिथे तुटतो तिथे थांबून विचारा की पुढच्या दहा सेकंदांत काय झालं असेल? भयंकर क्षणालाच कापलेला व्हिडिओ संशयास्पद समजा. आणि "गल्ली आपल्यासारखीच दिसते, म्हणजे आपल्याकडचाच" हा अंदाज सोडून द्या. कराचीतही गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, घरं तशीच, पोरांचे कपडेही तसेच.

मूळ सापडलं असं वाटलं की दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून एक बारीक खूण जुळवा. उभी असलेली गाडी, विजेचा खांब, एखाद्या पोराच्या सदऱ्याचा रंग. शीर्षक वाचून "हाच तो" म्हणू नका. अफवा खोडून काढणारेही घाईत चुकतात.

त्याच सुमारास पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या मुलांच्या मृतदेहांचा एक फोटोही फिरत होता, किडन्या काढलेली मुलं म्हणून. तो ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियात घौटा भागात झालेल्या रासायनिक हल्ल्यानंतरचा होता. स्थिर फोटो असल्याने तो शोधणं व्हिडिओपेक्षा सोपं होतं, एका स्क्रीनशॉटचं काम.

किडनीचं काय?

हा भाग काढला की मेसेजचा अर्धा जीव जातो, म्हणून थोडं थांबू. किडनी काढून पिशवीत घालून विकता येत नाही. देणाऱ्या-घेणाऱ्याचा रक्तगट जुळावा लागतो, दोघांच्या रक्ताची आणखी चाचणी करावी लागते, घेणारा माणूस ऑपरेशनला तयार हवा आणि थंड ठेवलेली किडनी साधारण दीड दिवसाच्या आत बसवावी लागते. गावोगाव फिरणारे ब्लँकेटवाले हे कुठे आणि कोणाच्या भरवशावर करणार?

किडनीचे गैरव्यवहार आपल्या देशात झालेले आहेत, हे खरं आहे. पण ते होतात रुग्णालयांत, खोट्या कागदपत्रांवर, पैशाच्या अडचणीतल्या मोठ्या माणसांना गाठून. चुलत्याने हा मुद्दा काढला तर तो नाकारू नका, फरक सांगा.

ऑडिओ क्लिप आणि "पोलिसांनी आवाहन केले आहे"

ऑडिओ सगळ्यात त्रासदायक. "मी अमुक पोलीस स्टेशनमधून बोलतोय" असं म्हणणारा आवाज गूगलवर शोधता येत नाही. तेव्हा आवाजाचा नाद सोडा आणि त्यात उच्चारलेल्या नावांकडे या. कुठलं ठाणं, कुठला अधिकारी, कुठलं गाव? एकही नाव नसेल तर तपासण्यासारखं त्यात काही नाही आणि पाठवण्यासारखंही नाही.

नाव असेल तर फोन करा. ठाण्याचा नंबर मेसेजमधून घेऊ नका, जिल्हा पोलीस दलाच्या संकेतस्थळावरून घ्या. गावात असाल तर पोलीस पाटलाला गाठणं सोपं. ११२ हा नंबर प्रत्यक्ष संकटासाठी आहे, "हा मेसेज खरा का हो?" विचारायला तो अडवू नका.

ठाण्यात फोन ठाणे अंमलदार उचलतो. "टोळी आलीय का?" असं विचारलंत तर तो कामाच्या गडबडीत म्हणेल, "काळजी घ्या, मुलांकडे लक्ष ठेवा." आणि घरी येऊन तुम्ही सांगाल, पोलिसांनीही दुजोरा दिला! अशीच अफवा पक्की होते. प्रश्न नेमका विचारा: "गेल्या आठ दिवसांत तुमच्या हद्दीत अनोळखी माणसाने मूल पळवल्याचा गुन्हा दाखल आहे का? असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर काय?" हो किंवा नाही, यातलं एक उत्तर येईल.

"हो" आलं तरी एक गोष्ट माहीत हवी, कारण इथे बातम्या वाचणारेही घसरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागतो, अपहरण किंवा तस्करी झाली असावी असं प्रथमदर्शनी धरून. आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३६३ खाली नोंदला जाई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली जातो. त्यामुळे आई रागावली म्हणून मामाकडे निघून गेलेला मुलगा, प्रेमप्रकरणातून घर सोडलेली सतरा वर्षांची मुलगी, सगळे कागदोपत्री "अपहरण". "जिल्ह्यात वर्षभरात इतकी अपहरणं" या बातमीतला आकडा खरा असतो, पण तितकी मुलं टोळीने नेली असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून विचारताना "अनोळखी माणसाने" हे शब्द गाळू नका.

घरच्यांना सांगायचं कसं

ग्रुपवर सगळ्यांसमोर "आत्या, खोटं आहे हे, काहीही पाठवतेस" असं लिहिलंत तर आत्या पुढच्या वेळी मेसेज पाठवायचा थांबवणार नाही, फक्त तुम्ही नसलेल्या ग्रुपवर पाठवेल. आधी तिला फोन करा. "आत्या, तो व्हिडिओ मी शोधला, कराचीतला नाटकाचा आहे, शेवटी मुलगा परत देतात. तुला पूर्ण पाठवू का?" माझा अनुभव असा की पूर्ण व्हिडिओ पाहिल्यावर माणसं ओशाळत नाहीत, हसतात आणि स्वतःच ग्रुपवर सांगतात. आत्याने सांगितलेलं चुलते ऐकतात. आपण सांगितलेलं ऐकतीलच असं नाही.

ग्रुपवर खुलासा टाकताना मूळ व्हिडिओ पुन्हा चढवू नका. तुमचा खुलासा मागे राहतो आणि व्हिडिओ तेवढा पुढे जातो. स्क्रीनशॉट घ्या, त्यावर तिरकी लाल रेघ मारून मोठ्या अक्षरांत "खोटे" लिहा आणि तोच पाठवा. दोन ओळी पुरे:

*हा व्हिडिओ कराचीतल्या जनजागृती मोहिमेचा आहे, अभिनय केलेला. आपल्या ठाण्यात आज विचारलं, असा एकही गुन्हा दाखल नाही.*

दुसरी ओळ खरंच विचारलं असेल तरच लिहा.

आपल्या हातून आधीच गेला असेल तर `Delete for everyone` दोन दिवसांच्या आसपासपर्यंत चालतं, त्यानंतर नाही. ग्रुपचा ॲडमिन मात्र इतरांचे मेसेजही काढू शकतो, त्याला सांगा. तिथून पुढे ज्यांनी फॉरवर्ड केलं त्यांच्याकडची प्रत जात नाही, म्हणून ज्या ग्रुपवर टाकला त्या प्रत्येक ग्रुपवर खुलासाही टाकावा लागतो.

आणि मूल खरंच हरवलं असेल तर?

अशा मेसेजमध्ये फोटो, नाव, वय, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठे दिसलं, तारीख आणि पोलीस ठाण्याचं नाव असतं. टोळीच्या मेसेजशी शेजारी ठेवून वाचलंत तर फरक चटकन कळतो. एका मेसेजमध्ये शोधायचं मूल असतं, दुसऱ्यात संशय घ्यायची माणसं.

यातही तपासायचं असतं ते मूल अजून हरवलेलंच आहे का. सापडलेल्या मुलांचे फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि घरच्यांना रात्री-अपरात्री फोन येत राहतात. म्हणून तारीख जुनी असेल किंवा नसेलच, तर मेसेजमधल्या ठाण्यात एक फोन करा. मूल सापडलेलं असेल तर तो फोटो आपल्या ग्रुपवरून काढायला लावा. सापडलेलं नसेल तर मेसेज पुढे पाठवताना वर स्वतःचं वाक्य लिहा: "आज, अमुक तारखेला, ठाण्यात विचारून खात्री केली." आणि एखादं मूल रस्त्यात एकटं, भेदरलेलं दिसलं तर मेसेज शोधत बसू नका, १०९८ किंवा ११२ ला फोन लावा आणि कोणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.